चार अक्षरी विनू

विनू माझा आत्येभाऊ. पाळण्यातलं नाव विनायक, वय ४२, मुक्काम डोंबिवली पूर्व, नोकरी एका विमा कंपनीच्या ठाण्याच्या शाखेत. समोरच्याची जात, गोत्र, रास विचारणं हल्ली सभ्यपणाचं राहिलेलं नाही आणि विनू सभ्य आहे. पण माणूस समोर आला की त्याला कुठल्या तरी खणात टाकल्याशिवाय विनूला चैन पडत नाही. म्हणून त्याने चार इंग्रजी अक्षरांची सोय करून घेतली. पाहुणा दारात चपला काढतो न काढतो तोच विनू विचारतो, "तुमचा टाइप काय?" बिचारा पाहुणा रक्तगट सांगतो. विनू समजूतदारपणे हसतो, त्याला सोफ्यावर बसवतो आणि फोनवर त्या अक्षरांची चाचणी उघडून त्याच्या हातात देतो. चहा नंतर.

चाचणी दिली नाही तरी सुटका नाही. मग विनू नुसत्या नजरेने ठरवतो. त्यांच्याकडच्या पोळ्यांच्या बाई आय-एस-टी-जे आहेत, कारण त्या सव्वासातला येतात, बोलत नाहीत आणि पोळ्या मोजून करतात. (त्या बोलत नाहीत, कारण पुढे अजून चार घरच्या पोळ्या असतात. हे मी सांगून पाहिलं. विनू म्हणाला, "बघ ना, किती आय-एस-टी-जे!") सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन आय-एन-एफ-पी, कारण तो आकाशाकडे बघत बसतो. पांडवांचं वाटप तर कधीच झालंय: भीम ई-एस-टी-पी, युधिष्ठिर आय-एस-एफ-जे, नकुल-सहदेवांवर काम चालू आहे. भाचीसाठी नाशिकचं एक स्थळ आलं होतं, पत्रिकेत छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. आत्या खूश. विनू गंभीर चेहरा करून म्हणाला, "गुण जुळले गं आई, पण अक्षरं जुळत नाहीत." आत्याला वाटलं, मुलाच्या हस्ताक्षरात काहीतरी खोट आहे.

विनू स्वतः आय-एन-एफ-जे. हे त्याच्या कपावर छापलेलं आहे, व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये आहे आणि गेल्या वर्षी ऑफिसच्या मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये 'इतर पात्रता' या रकान्यातही होतं. सगळ्या सोळा प्रकारांत हा प्रकार सर्वांत दुर्मीळ, असं त्याने कुठंतरी वाचलंय. डोंबिवलीत राहून, रोज लोकलमध्ये परक्या माणसाच्या कोपराखाली उभं राहून प्रवास करणाऱ्याला आपण दुर्मीळ आहोत असं कुणी सांगितलं तर ते का आवडू नये? मला त्याचा हा आनंद मुळीच खुपत नाही. फक्त मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि त्यातही मनोमापन, म्हणजे असल्या चाचण्या कशा बांधायच्या आणि कशा तपासायच्या, हा माझा विषय. त्यामुळे विनूला मी हवीही असते आणि नकोही असते. हवी, कारण घरात 'या क्षेत्रातली' एक व्यक्ती आहे असं सांगता येतं. नको, कारण ती व्यक्ती बोलते.

या चार अक्षरांचा इतिहास विनू फार भक्तिभावाने सांगतो, आणि गंमत म्हणजे बराचसा बरोबर सांगतो. १९२१ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी व्यक्तिप्रकारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज या बाईंच्या हाती पडलं आणि त्या भारावून गेल्या. पुढे त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स हिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यातून प्रश्नावली तयार केली. माणूस बहिर्मुख की अंतर्मुख, डोळ्यांपुढच्या तपशिलात रमणारा की त्यामागचं सूत्र शोधणारा, डोक्याने ठरवणारा की मनाने, आखून चालणारा की ऐनवेळी बघू म्हणणारा. चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, एकूण सोळा प्रकार. दोघी मायलेकींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेलबाईंची त्याआधी एक रहस्यकथाही छापून आली होती. ही शेवटची गोष्ट विनू गाळतो.

आता चार अक्षरांत न मावणारा विनू कसा आहे ते सांगते. त्याची लोकल सात बेचाळीसची. घर ते स्टेशन चालत बारा मिनिटं. विनू सात वाजता प्लॅटफॉर्मवर असतो. घरातून निघताना गॅसचं बटण बघतो, जिन्यातून परत येऊन पुन्हा बघतो आणि कोपऱ्यावरून अंजूला फोन करून तिला बघायला लावतो. अंजू त्याची बायको. ती ओट्याशीच उभी राहून त्याच गॅसवर चहा करत असते. "बंद आहे ना?" "नाही, चालू आहे, चहा करतेय." "हां, मग झाल्यावर बंद कर." एखाद्याने व्हॉट्सॲपवर उत्तर देताना नुसतं 'ओके' लिहिलं, तर विनू ते मला पुढे पाठवतो: "ताई, हा चिडलाय का गं?" आणि ओकेच्या पुढे टिंब असलं, तर फोनच येतो.

विनूच्या मते हे सगळं त्याच्या चौथ्या अक्षरामुळे. जे म्हणजे आखून चालणारा, शिस्तीचा माणूस. वेळेआधी बेचाळीस मिनिटं स्टेशनवर पोचणं ही शिस्तच नाही का?

सगळं सुरळीत चाललं होतं, इतक्यात कोजागरी आली. सोसायटीच्या गच्चीवर विनूने मसाला दूध वाटण्याची आणि त्याबरोबर लोकांचे टाइप काढण्याची अशी दोन्ही कामं अंगावर घेतली. आजवर जिन्यात भेटल्यावर नुसती मान हलवणाऱ्या शेजाऱ्यांशी तो रात्री एकपर्यंत बोलत होता. घरी येऊन त्या उत्साहात त्याने स्वतःची चाचणी पुन्हा दिली. निकाल आला: ई-एन-एफ-जे. अंतर्मुखाचा बहिर्मुख झाला होता!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सव्वासातला माझ्या दारात विनू, मागे अंजू, आणि बरोबर आत्या-आतोबाही, कारण त्यांना घरी एकटं ठेवलं तर गॅस राहील. विनूचा चेहरा, सातबाऱ्यावर परक्याचं नाव चढल्यावर होतो तसा. "ताई, मी कोण आहे?" हा प्रश्न रमण महर्षींनीही विचारायला सांगितलाय, पण चहाच्या आधी नव्हे.

मी त्याला म्हटलं, घाबरू नको, हे जगभर होतं. मायर्स-ब्रिग्जची चाचणी काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली तर एक तृतीयांश ते निम्म्या लोकांचं एखादं तरी अक्षर बदलतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. विनूला यात दिलासा वाटला नाही. दुर्मीळ माणसाला निम्म्या जगाबरोबर रांगेत उभं केलेलं आवडत नाही.

मग मी कपाटातून पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली काढली. लुईस गोल्डबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असल्या प्रश्नांचा मोठा साठा सर्वांना फुकट वापरायला खुला केलाय, त्यातलीच ही. पाच गुणांची मापं, प्रत्येकाला दहा वाक्यं. वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते एक ते पाच आकड्यांत सांगायचं: एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी तंतोतंत. दहापैकी काही वाक्यं मुद्दाम उलटी असतात. 'मी फारसा बोलत नाही' याला कुणी पाच दिले, तर बहिर्मुखतेच्या हिशेबात ते सहातून वजा होऊन एक धरले जातात. म्हणजे प्रत्येक गुणाची बेरीज दहा ते पन्नासच्या मध्ये कुठंतरी येते.

वाक्यं उलटी का, हे आतोबांनी तिथल्या तिथे दाखवून दिलं. "मलाही एक कागद द्या," म्हणाले, आणि दोन मिनिटांत भरून परत दिला. सगळीकडे चार. 'गप्पांची सुरुवात मी करतो' चार, 'माझ्याकडे बोलण्यासारखं फार नसतं' तेही चार. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत प्रत्येक फाइलवर 'सहमत' लिहिण्यात गेली, दुसरं काय होणार! बहिर्मुखतेची पाच वाक्यं सरळ, त्यांचे प्रत्येकी चारप्रमाणे वीस. पाच उलटी, त्यांचे सहा वजा चार, म्हणजे प्रत्येकी दोनप्रमाणे दहा. बेरीज तीस, काटेकोर मधोमध. सगळ्याला मान डोलावणाऱ्याला कुठल्याच बाजूला झुकता येऊ नये, अशीच ही योजना आहे. आतोबा खूश झाले. "मध्यममार्गी," म्हणाले आणि पेपर उघडला.

विनूने मात्र पाऊण तास घेतला. प्रत्येक वाक्याला "पण ऑफिसमध्ये की घरी?" हा प्रश्न होताच. बहिर्मुखतेची वाक्यं त्याने मोठ्यांदा वाचली. मंडळी जमली की जान मी आणतो: तीन. मी फारसा बोलत नाही: दोन, उलटे करून चार. माणसांत मी निवांत असतो: तीन. मी मागे मागे राहतो: चार, म्हणजे दोन. गप्पांना सुरुवात मी करतो: चार. माझ्याकडे बोलण्यासारखं फार नसतं: एक, म्हणजे पाच. इथे अंजूने मान हलवून दुजोरा दिला. समारंभात मी वेगवेगळ्या माणसांशी बोलतो: तीन. लोकांचं लक्ष माझ्याकडे जावं हे मला आवडत नाही: चार, म्हणजे दोन. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असल्या तरी माझं काही बिघडत नाही: दोन. अनोळखी लोकांत मी गप्प असतो: पाच, म्हणजे एक. बेरीज एकोणतीस.

"थांब," विनू म्हणाला, "कालच्या रात्रीनंतर हे खरं नाही." त्याने दोन उत्तरं बदलली. समारंभात वेगवेगळ्या माणसांशी बोलण्याला तिनाचे चार केले, अनोळखी लोकांत गप्प राहण्याला पाचाचे तीन केले, म्हणजे उलट हिशेबात एकाचे तीन झाले. बेरीज बत्तीस.

आता बघा. दहा ते पन्नासच्या पट्टीवर एकोणतीस आणि बत्तीस हे एकाच माणसाचे दोन दिवस आहेत. दहा प्रश्नांच्या असल्या बेरजेत दोन-तीन गुणांची चूकभूल द्यावी घ्यावीच लागते. तेवढा हेलकावा झोप, पित्त आणि मसाला दूध यांनीही येतो. मोजणारा म्हणेल, विनू मधला आहे, कालही होता आणि आजही आहे. पण तिसावर रेघ मारून अलीकडच्याला आय आणि पलीकडच्याला ई असा शिक्का द्यायचा ठरवला, की एकोणतिसाचा विनू आणि बत्तिसाचा विनू या दोन वेगळ्या जातीच्या व्यक्ती होतात. त्यांनी कुठली नोकरी करावी आणि कुणाशी लग्न करावं याचे सल्लेही वेगळे. अंजूनेही कागद भरला, तिची बेरीज सेहेचाळीस आली. भाजी आणायला गेली की ती भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण ऐकून परत येते. शिक्क्याच्या हिशेबात बत्तिसाचा विनू आणि सेहेचाळिसाची अंजू एक, दोघंही ई. आणि कालचा नि आजचा विनू मात्र भिन्न!

"पण रेघ कुठंतरी मारावीच लागणार ना?" विनू म्हणाला.

का मारायची? उंचीवर कोण मारतं? पाच फूट पाच इंचांच्या वरचे सगळे 'उंच' आणि खालचे सगळे 'बुटके', असं ठरवून शिंप्याकडे गेलं तर तो काय शिवणार? आणि रेघ मारायचीच, तर निदान जिथे माणसं विरळ आहेत तिथे मारावी. माणसांचे खरोखर दोन कळप असते, इकडे बोलके आणि तिकडे अबोल, तर आकडेवारीच्या आलेखाला दोन वशिंडांच्या उंटासारखे दोन उंचवटे दिसले असते आणि मधल्या खोलगट जागेत रेघ शोभली असती. तसं दिसत नाही. हजारो लोकांचे गुण मांडले की मधे एकच फुगवटा येतो आणि दोन्ही टोकांना माणसं कमी होत जातात. म्हणजे टाइपवाल्यांची रेघ पडते ती नेमकी जिथे गर्दी सर्वांत जास्त तिथे. थोडा धक्का लागला की माणूस इकडचा तिकडे. हे लोकलने जाणाऱ्याला समजावून सांगावं लागू नये.

विनू जरा वेळ गप्प बसला आणि मग त्याने त्याच्या स्वभावाला शोभेल असा प्रश्न विचारला. "पण हे पाच कुणी काढले? म्हणजे युंगसारखं कोण आहे यांच्यामागे?"

कुणीच नाही, असं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. गुरू नसलेली विद्या त्याला विद्या वाटत नाही. पण खरोखरच या पाचांना कुणाच्या दिव्यदृष्टीचा आधार नाही. त्यांचा उगम आहे शब्दकोशात. माणसांतला जो फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा असतो, त्याला भाषेत शब्द पडलेला असतोच, एवढीच सुरुवातीची कल्पना. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेगळे काढले. पुढच्यांनी ते गाळत गाळत आटोक्यात आणले आणि लोकांना विचारलं: तुमच्या ओळखीच्या माणसाला यातला कुठला शब्द किती लागू पडतो? मग कुठले शब्द एकमेकांबरोबर चालतात ते गणिताने पाहिलं. ज्याला लोक 'बडबड्या' म्हणतात त्यालाच बहुधा 'उत्साही' आणि 'माणसांत रमणारा' म्हणतात, म्हणजे हे शब्द एका जुडीतले. १९६१ साली अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या टुप्स आणि ख्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांच्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा अशा पाचच जुड्या सापडल्या. त्यांनी तो अहवाल दलाच्या दप्तरी जमा केला आणि तो बरीच वर्षं तिथंच पडून राहिला, म्हणजे आतोबांच्या कचेरीत झालं असतं तेच झालं.

पाच जुड्या म्हणजे बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, नव्या अनुभवांना आणि कल्पनांना असलेला मोकळेपणा, आणि पाचवा न्यूरॉटिसिझम. या पाचव्याला आपण घरगुती भाषेत काळजीखोरपणा म्हणू: मन पटकन खाली जाणं, चिंता, चिडचिड, जिवाची घालमेल. माणसाला यांतला एखादा गुण 'असतो' किंवा 'नसतो' असं नाही. पाचही सगळ्यांत असतात, कमी-जास्त. आणि नुसत्या आकड्यालाही अर्थ नसतो. एकोणतीस हे जास्त की कमी, ते बाकीच्या लोकांचे आकडे शेजारी ठेवल्यावर कळतं, आणि ते बाकीचे लोक अमेरिकेतल्या कॉलेजचे विद्यार्थी असले तर डोंबिवलीच्या माणसाने ती तुलना बेताने घ्यावी. पाच हा आकडाही काही वेदवाक्य नाही. बोलिव्हियात शेती, शिकार आणि मासेमारी करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांत संशोधकांनी हीच पाहणी केली, तेव्हा या पाच जुड्या नीट उभ्याच राहिल्या नाहीत. हे मी विनूला सांगितलं, कारण मास्तरकी अंगात असते. तो लगेच म्हणाला, "मग मी त्सिमाने असेन."

तेवढ्यात अंजूने कामाचा प्रश्न विचारला. "ताई, याच्यावर मी भरला तर चालेल?"

चालेल म्हणजे काय, तशी रीतच आहे. जवळच्या माणसाने दुसऱ्याबद्दल भरलेली प्रश्नावली हा या शास्त्रातला मान्य मार्ग. माणूस कामात कसा वागेल याचा अंदाज तर त्याच्या स्वतःच्या उत्तरांपेक्षा इतरांच्या उत्तरांवरून जास्त चांगला येतो, असं दिसून आलंय. अंजूने पेन घेतलं आणि पुढची दहा मिनिटं, लग्नानंतर प्रथमच कुणीतरी अधिकृतपणे विचारतंय अशा तन्मयतेने कागद भरला.

कर्तव्यदक्षतेत विनूने स्वतःला एक्केचाळीस दिले होते. अंजूने दिले अठ्ठावीस. 'वस्तू जागच्या जागी ठेवायला मी विसरतो' याला विनूचं उत्तर एक, अंजूचं पाच. वादाचा मुद्दा ओला टॉवेल. विनूच्या म्हणण्याप्रमाणे टॉवेल पलंगावर तो 'तात्पुरता' ठेवतो. 'हातातलं काम लगेच उरकतो' याला विनूचे पाच, अंजूचे दोन. पुरावा म्हणून तिने मार्चपासून गळणारा बेसिनचा नळ सांगितला. आत्या मधे पडणार होत्या, पण नळाचं नाव निघाल्यावर त्यांनीही सुनेची बाजू घेतली.

म्हणजे सात बेचाळीसच्या गाडीला सात वाजता पोचणारा माणूस नेटका नव्हताच! मग पोचतो का? याचं उत्तर पाचव्या मापात होतं. मनःस्थैर्याच्या वाक्यांत, जिथे जास्त गुण म्हणजे शांत आणि कमी म्हणजे काळजीखोर, विनूने स्वतःला सतरा दिले होते आणि अंजूने सोळा. खरं तर या गुणाबाबत घरच्यांचं आणि स्वतःचं मत एरवी इतकं जुळत नाही. काळजी आत असते, बाहेरच्याला बडबड दिसते पण धाकधूक दिसत नाही. विनूची दिसते, कारण ती फोन करते.

वेळेआधी पोचणं हे वागणं एकच, पण त्याचे झरे दोन असू शकतात. एक माणूस आखलेलं आवडतं म्हणून लवकर पोचतो. दुसरा गाडी चुकेल या भीतीने. पहिल्याच्या घरी नळ गळत नाही. टाइपच्या चाचणीने विनूला त्याचं वागणं विचारलं, त्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्या चाचणीने ते श्रेय उचलून चौथ्या अक्षराला देऊन टाकलं, कारण चार अक्षरांत द्यायला दुसरी जागाच नव्हती. १९८९ साली मॅक्रे आणि कोस्टा यांनी लोकांकडून दोन्ही चाचण्या सोडवून घेऊन आकडे ताडून पाहिले. मायर्स-ब्रिग्जच्या चार जोड्या पाचांपैकी चार गुणांशी कमी-अधिक जुळल्या: बहिर्मुखतेची आणि मोकळेपणाची चांगलीच, बाकी दोन बेताने. पाचव्याशी, काळजीखोरपणाशी, जुळणारं तिथे काहीच नव्हतं. त्यात नवलही नाही. इझाबेलबाईंची मूळ धारणाच अशी की सोळाही प्रकार आपापल्या जागी चांगले, कुणालाही वाईट बातमी द्यायची नाही. आणि 'तुम्ही फार काळजी करता' ही कपावर छापण्यासारखी बातमी नव्हे.

"पण माझं वर्णन तर शब्दन् शब्द जुळत होतं," विनू म्हणाला. 'तुम्ही वरून शांत दिसता पण आत बरंच काही चाललेलं असतं.' मी ते वर्णन मोठ्यांदा वाचलं आणि आतोबांना विचारलं, हे कुणाचं? पेपर न हलवता ते म्हणाले, "माझं." आत्यांनाही तसंच वाटत होतं. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला 'खास तुमचं' म्हणून एकच वर्णन वाटलं होतं, त्यातली वाक्यं रस्त्यावरच्या दुकानातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण दिले. आतोबांनी बहुधा पाच दिले असते. नाही, चार.

अंजू इतका वेळ विनूचा फोन चाळत होती. तिने त्याचा जुना निकाल शोधून काढला, कपावरची अक्षरं जिथून आली तो. "ताई, इथे पुढे अजून काहीतरी आहे." आय-एन-एफ-जे, मग एक बारीक रेघ, आणि पुढे टी.

हे मला ठाऊक होतं, पण अंजूच्या तोंडून येण्यात मजा होती. हल्लीच्या एका लोकप्रिय फुकट चाचणीने चार अक्षरांना गुपचूप पाचवी जोडी लावलीय: ए म्हणजे स्वतःबद्दल निश्चिंत, टी म्हणजे खळबळलेला, धास्तावलेला. चाचणी करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय की आम्ही नावं टाइपची वापरतो, पण खालची मोजपट्टी या पाच गुणांवरून बेतलेली आहे. म्हणजे दुकानाची पाटी जुनी, आतला माल बराचसा नवा. विनूला त्याची काळजी मोजून मिळालेली होती. छापून घेताना त्याने ती गाळली.

"कपावर जागा नव्हती," विनू म्हणाला.

"कप केवढा आहे," अंजू म्हणाली. "त्यावर गणपती पण आहे."

दुपारी जेवून मंडळी परतली, आतोबांच्या खिशात त्यांचा तिसाचा कागद घडी घालून. संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर विनूचा लांबलचक निरोप आला: टाइप हे अशास्त्रीय आहेत, यापुढे कुणीही अक्षरं सांगू नयेत, आकडे सांगावेत. खाली सगळ्यांसाठी पन्नास प्रश्न, आणि मनमिळाऊपणात पस्तिसाच्या खाली असलेल्यांनी दिवाळीच्या फराळाला वेगळं बसावं अशी सूचना. भाचीने नाशिकच्या मुलाशी परस्पर बोलणं सुरू केलंय, असंही त्याच ग्रुपवर कळलं.

रात्री साडेदहाला फोन वाजला.

"ताई, ते सतरा. काळजी करण्यासारखं नाही ना गं?"

मी म्हटलं, नाही रे, काळजीखोर माणसं जगात भरपूर आहेत, वयाबरोबर काळजीखोरपणा सरासरीने थोडा कमीही होतो. झोप.

"हो, झोपतोच." मग थोडं थांबून, "पण अंजूने सोळा दिलेत. तो एक कुठला गं?"